फाइव्ह फोर्सेसची असाइनमेंट: लिहिलंय लिफ्ट उद्योगावर, पण कुठल्याही उद्योगाला लागू पडतंय

सायली_एम

नमस्कार. स्ट्रॅटेजीच्या विषयात एक उद्योग निवडून त्याला पोर्टरचं फाइव्ह फोर्सेस लावायचं होतं. मी लिफ्टचा उद्योग घेतला, कारण त्यावर फारसं कुणी लिहीत नाही. पंधरा दिवस खपून लिहिलं. सरांनी ते परत दिलं आणि समासात एकच ओळ लिहिली: "लिफ्ट हा शब्द काढून फ्रिज घातला तरी एकही वाक्य बदलावं लागणार नाही."

मी घरी येऊन खरंच फ्रिज घालून वाचलं. सर बरोबर आहेत. पाच फोर्सवरची माझी पाच वाक्यं अशी आहेत: "मोठ्या कंपन्यांमुळे स्पर्धा तीव्र आहे. भांडवल जास्त लागत असल्याने नवीन कंपन्यांना प्रवेश अवघड आहे. ग्राहकांकडे पर्याय असल्याने त्यांची बार्गेनिंग पॉवर जास्त आहे. स्टीलच्या किमतींमुळे पुरवठादारांचा प्रभाव मध्यम आहे. पर्यायी उत्पादनांचा धोका कमी आहे."

चुकीचं यात काही नाही, पण हाताला काही लागतही नाही. दहा दिवसांत पुन्हा द्यायचंय, २००० शब्दांत. असं नुसतं यादीवजा न होता हे लिहायचं कसं? उद्योग बदलायचा नाही, लिफ्टच ठेवायची आहे.

निनाद

हे माझंही झालं होतं. उपाय सोपा आहे: आकडे घाल. प्रत्येक फोर्सला १ ते ५ गुण दे, बाजारपेठेचा आकार दे, पहिल्या चार कंपन्यांचा वाटा दे. मुद्दा मोघम वाटतो तो आकडा नसल्यामुळे. आणि सरकारला सहावा फोर्स म्हणून घे. लिफ्टमध्ये सुरक्षेचे नियम एवढे आहेत की ते सोडून चालणारच नाही.

कुमार७८

लिफ्टमध्ये ओटिस सगळ्यात जुनी. एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टच्या चौथऱ्यावर उभं राहून दोर कापायला लावला होता आणि ब्रेकने लिफ्ट जागच्या जागी थांबली होती. एवढा वारसा दुसऱ्या कुणाकडे नाही. ब्रँड, जगभरातलं जाळं आणि संशोधन ही ताकद म्हणून लिही, कमजोरीत मोठी कर्मचारीसंख्या दाखव. असाइनमेंट भरीव होईल.

टकमक

पर्यायी उत्पादनात जिना लिहिलास का? तो बंद पडत नाही, त्याला देखभालीचा करार लागत नाही आणि त्याचा पासवर्डही कुणी लपवून ठेवत नाही. 🙂

प्राजक्ता

मी हा विषय शिकवते, त्यामुळे अशा असाइनमेंट दर वर्षी ढिगाने तपासते. सायली, तुझे सर दुसऱ्या कॉलेजचे असले तरी त्यांची ओळ मला ओळखीची वाटली.

कुमार, तुम्ही सांगितलंत ते एका कंपनीचं विश्लेषण झालं. इथे प्रश्न पूर्ण उद्योगाचा आहे: या धंद्यात असलेल्या कुठल्याही कंपनीला सरासरी किती नफा उरतो आणि उरलेला कोण खेचून नेतो. ओटिसचा वारसा कितीही मोठा असला तरी त्याने शिंडलर किंवा कोनेचा नफा का टिकतो ते कळत नाही.

निनाद, गुणांच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. "ग्राहकांची ताकद: ४" यातून मला काय कळतं? चारऐवजी तीन दिले असते तर पुढचं कुठलं वाक्य बदललं असतं? तपासताना मी गुणांचा तक्ता दिसला की त्याखालचा परिच्छेद वाचते, आणि बहुतेक वेळा परिच्छेदात तो गुण का दिला हे नसतंच. सरकारचंही तसंच. पोर्टरने सरकारला मुद्दाम वेगळा फोर्स केलेलं नाही. नियम नव्या कंपनीला बाहेर ठेवतात की आत यायला मदत करतात, ग्राहकाला बांधतात की मोकळं करतात, ते त्या त्या फोर्समध्ये लिहायचं असतं. लिफ्टची नियमित तपासणी सक्तीची असेल तर देखभाल टाळणं ग्राहकाच्या हातात राहत नाही, हा मुद्दा ग्राहकाच्या परिच्छेदात येतो.

सायली, तुला एकच प्रश्न विचारते. "ग्राहकांकडे पर्याय असल्याने" या वाक्यातला ग्राहक कोण?

सायली_एम

प्राजक्ताताई, मी बांधकाम कंपनी धरली होती. लिफ्ट तीच विकत घेते ना?

श्रीधर

ताईंनी नेमकी जागा पकडली. मी या उद्योगाच्या आसपास बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिफ्ट विकत घेतो बांधकाम करणारा, पण पुढची वीस-पंचवीस वर्षं तिच्यासाठी पैसे भरतो इमारतीचा मालक किंवा तिथे राहणारे लोक. ही दोन वेगळी माणसं आहेत आणि त्यांची परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. बांधकाम करणाऱ्याला एकदम दहा-वीस लिफ्ट लागतात. तो चार कंपन्यांची दरपत्रकं समोरासमोर ठेवतो आणि त्याला किमतीशी मतलब असतो, कारण पुढचा देखभालीचा खर्च त्याच्या खिशातून जाणार नसतो. उलट रहिवाशांकडे एक किंवा दोन लिफ्ट असतात, त्या आधीच बसलेल्या असतात, आणि बंद पडली तर सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला आजच्या आज चालू हवी असते. तिथे घासाघीस कसली? हा ग्राहक बांधलेला असतो.

म्हणून "लिफ्ट उद्योगात ग्राहकांची ताकद जास्त की कमी" या प्रश्नाला उत्तरच नाही. नवी लिफ्ट बसवण्याच्या धंद्यात ती जास्त आहे, देखभालीच्या धंद्यात कमी आहे. दोन्ही एकत्र करून तू सरसकट "जास्त" लिहिलंस आणि खरी गोष्ट त्यात बुडाली.

हे नफ्या-तोट्याच्या हिशेबातही दिसतं. ओटिस आपला नफा दोन भागांत दाखवते. २०२३ मध्ये नव्या लिफ्टच्या विक्रीवर कामकाजातला नफा साधारण सहा-सात टक्के होता आणि सेवेवर चोवीस टक्क्यांच्या आसपास. कंपनी तीच, यंत्र तेच, अनेकदा इमारतही तीच. एवढा फरक का पडतो, याचं उत्तर शोधणं म्हणजे तुझी असाइनमेंट.

निनाद, आकडे हवेत हे तुमचं म्हणणं मला पटतं, पण असे हवेत. बाजारपेठेचा आकार कितीही मोठा सांगितला तरी त्यातून नफा कुठे जातो ते कळत नाही.

निनाद

मान्य, हा आकडा माझ्या आकड्यापेक्षा कामाचा आहे. पण मग हे दोन उद्योग झाले. पाच आणि पाच, दहा फोर्स लिहायचे? २००० शब्दांत?

प्राजक्ता

दहा लिहायचे नाहीत. दोन्हीकडे जिथे ओढ वेगळ्या दिशेला आहे तेवढेच सविस्तर, बाकीचे दोन-दोन ओळींत. पाचही फोर्सना सारखीच जागा दिलेली दिसली की मी समजते, लिहिणाऱ्याने कुठला महत्त्वाचा आहे ते अजून ठरवलेलं नाही.

मधुरा

मी एका मोठ्या व्यापारी इमारतीची व्यवस्था बघते, आमच्याकडे सहा लिफ्ट आहेत. श्रीधर म्हणतात तसं "ग्राहक बांधलेला असतो" हे आम्ही सोसलं आहे, पण तो किती आणि कशाने बांधलेला असतो ते सांगते.

आमच्या लिफ्टचा कंट्रोलर बसवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा होता. बिघाडाचा कोड वाचायला आणि काही सेटिंग बदलायला त्यांचंच हातातलं यंत्र लागायचं. ते यंत्र ते बाहेर विकत नव्हते. करार महाग वाटला म्हणून आम्ही एक लहान स्वतंत्र कंपनी आणली. त्यांचा मेकॅनिक उत्तम होता. दोर, दरवाजे, ब्रेक, सगळं व्यवस्थित बघायचा. पण एकदा कंट्रोलरच अडकला आणि आम्हाला मूळ कंपनीला बोलवावं लागलं. त्यांनी आधी नवा करार करा म्हणून सांगितलं. दोन लिफ्ट नऊ दिवस बंद होत्या. शेवटी आम्ही करार केला.

त्यानंतरची गोष्ट मात्र वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी आधुनिकीकरण करायची वेळ आली तेव्हा आम्ही निविदेतच लिहिलं की कंट्रोलर असा हवा, ज्यावर कुठलीही पात्र कंपनी काम करू शकेल. सहापैकी चार लिफ्टना तसे बसवले. आता त्या चार लिफ्टच्या देखभालीला तीन कंपन्या दर देतात, उरलेल्या दोघींना एकच. तोच मालक, तीच इमारत, एका बाजूला आमची ताकद आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.

श्रीधर

मधुरा, हे उदाहरण कुठल्याही अहवालात मिळणार नाही. मी "ग्राहक बांधलेला" असं सरसकट लिहिलं होतं, ते दुरुस्त करतो. बांधून ठेवणारी वस्तू कंट्रोलर आहे. दोर, दरवाजे, रूळ यांना कुणीही हात लावू शकतं. म्हणजे सायलीने "स्विचिंग कॉस्ट जास्त आहे" असं न लिहिता ती कुठल्या सुट्या भागात दडलेली आहे आणि कधी मोकळी होते तेच लिहावं. लिफ्ट वीसेक वर्षांची झाली की ती खिडकी उघडते.

सायली_एम

मधुराताई, हे मी नाव-गाव न घालता वापरू का? "एका इमारतीच्या व्यवस्थापकाशी झालेल्या बोलण्यातून" असं?

मधुरा

खुशाल वापर.

टकमक

माझा जिना गमतीचा होता, पण वाचता वाचता विचारात पडलो. तीन मजल्यांची इमारत असेल तर जिना खरा पर्याय आहे ना? मग "पर्यायाचा धोका कमी" हेही सरसकट कसं?

प्राजक्ता

टकमक, गंमतीतून चांगला प्रश्न आला. पर्याय म्हणजे तीच गरज दुसऱ्या मार्गाने भागवणं. म्हणून आधी गरज कुठली ते ठरवावं लागतं. तीन मजले चढायचे असतील तर जिना पर्याय आहे, पण अनेक ठिकाणी अपंग आणि वृद्धांच्या सोयीचे नियम तो पर्याय कागदावरच खोडतात. वीस मजले चढायचे तर प्रश्नच नाही. त्यामुळे जिन्यावर परिच्छेद खर्च करू नये.

नव्या लिफ्टला खरा पर्याय मला दिसतो तो जुन्या लिफ्टचं आयुष्य वाढवणं. मालक म्हणतो, पूर्ण लिफ्ट बदलत नाही, फक्त कंट्रोलर, मोटर आणि दरवाजे बदला. रूळ आणि चौकट तीच राहते. खर्च कमी आणि इमारत थोडेच दिवस अडते.

श्रीधर

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. आधुनिकीकरण त्याच चार-पाच कंपन्या करतात आणि त्यावर कमावतातही. ज्या पर्यायाचे पैसे त्याच उद्योगात येतात त्याला पर्याय म्हणायचं का? मला तो तिसरा धंदा वाटतो, नवी लिफ्ट आणि देखभाल यांच्या मधला.

देखभालीच्या कराराला पर्याय शोधायचा तर दोन आहेत. करार न करता बिघडेल तेव्हा बोलवून पैसे देणं, किंवा स्वतःचे मेकॅनिक ठेवणं. शेकडो लिफ्ट आणि सरकते जिने असलेल्या मोठ्या संस्थांना दुसरं परवडू शकतं.

प्राजक्ता

स्वतःचे मेकॅनिक ठेवणं मी ग्राहकाच्या ताकदीत घेईन, पर्यायात नाही. "आम्ही स्वतः करू" ही धमकी देता येणं म्हणजेच सौदा करायची ताकद.

श्रीधर

तसंही चालेल. सायली, दोनपैकी एक निवड आणि का निवडलंस ते एका वाक्यात लिही. दोन्ही ठिकाणी मात्र लिहू नकोस.

निनाद

मी परत येतो, कारण एक गोष्ट पटत नाही. सगळे म्हणतात नव्या लिफ्टमध्ये स्पर्धा जीवघेणी आहे. पण २००७ मध्ये युरोपियन कमिशनने ओटिस, कोने, शिंडलर आणि थिसेनक्रुप यांना संगनमताबद्दल ९९.२ कोटी युरोहून जास्त दंड ठोठावला होता. जर्मनी, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्समध्ये निविदा आणि देखभालीचे करार आपसात वाटून घेतल्याचं निघालं होतं. मग स्पर्धा कुठली? रायव्हलरी कमी असंच लिहायला हवं.

श्रीधर

निनाद, हे प्रकरण असाइनमेंटमध्ये यायलाच हवं. पण मी ते उलट्या बाजूने वाचतो. ज्या धंद्यात किमती आपोआप शांत राहतात तिथे लपून भेटायची, निविदा वाटून घ्यायची आणि एवढी जोखीम पत्करायची गरज पडत नाही. त्यांना करावं लागलं याचा अर्थ मोकळं सोडलं असतं तर एकमेकांच्या किमती खाली ओढल्या गेल्या असत्या.

त्या किमती का ओढल्या जातात त्याचा हिशेब मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, फक्त गणित कसं चालतं ते दिसावं म्हणून. समजा एक लिफ्ट बनवून बसवायला कंपनीला १०० लागतात. बसवल्यावर देखभालीचा करार मिळाला तर दर वर्षी ३ नफा, पंधरा वर्षं, म्हणजे ४५. तीनपैकी दोन लिफ्टचे करार आपल्याकडे राहतात असं धरलं तर सरासरी ३० येतात. मग निविदेत १०० चा माल ९० ला द्यायला कंपनी तयार होते, कारण तरीही २० हातात उरतात. पण समोरच्या तिघांनीही हेच गणित केलेलं असतं. ते ८५ म्हणतात, मग कुणी ८० म्हणतो.

म्हणजे नव्या लिफ्टमधली मारामारी तिथल्या कंपन्यांच्या संख्येतून येत नाही, देखभालीतल्या नफ्यातून येते. देखभाल जितकी गोड, तितकी निविदा कडू.

निनाद

पंधरा वर्षांनी येणाऱ्या ३ ची आजची किंमत ३ नसते. व्याज धरलं तर ते ३० बरेच कमी होतील.

श्रीधर

अगदी बरोबर, आणि ते सायलीने लिहायला हवं. व्याजदर चढले की पुढच्या नफ्यासाठी आज तोटा सोसायची तयारी कमी व्हायला हवी. दिशा तीच राहते, आकार घटतो.

मधुरा

मग आमच्यासारख्यांनी कंट्रोलर मोकळे मागायला सुरुवात केली, तर तीनपैकी दोन करार टिकणार नाहीत. एकच टिकला तर?

श्रीधर

तर ३० चे १५ होतात, आणि १०० ची लिफ्ट ८० ला देणारा तोट्यात जातो. मग नव्या लिफ्टच्या किमती चढायला हव्यात. म्हणजे देखभालीत स्वतंत्र कंपन्या शिरल्या की त्याचा परिणाम बांधकाम करणाऱ्याच्या दरपत्रकावर दिसतो. मधुरा, तुमचा प्रश्न म्हणजे या सगळ्याचा कणा आहे. असाइनमेंटमध्ये पाच परिच्छेद पाच खोल्यांसारखे वेगळे लिहिले जातात. इथे एका खोलीतलं दार उघडलं की दुसऱ्या खोलीतली हवा बदलते.

अस्मिता

मी उशिरा आले, सगळं एका दमात वाचलं. एक शंका. सायलीने "भांडवलामुळे प्रवेश अवघड" लिहिलंय, आणि इथे म्हणताय स्वतंत्र कंपन्या देखभालीत सहज शिरतात. एक मेकॅनिक, एक गाडी, थोडी हत्यारं, एवढ्यावर धंदा सुरू होत असेल तर चोवीस टक्के नफा टिकतो कसा? कंट्रोलर एवढंच कारण?

श्रीधर

उत्तम शंका. कंट्रोलर हे एक कारण. दुसरं कारण आहे मेकॅनिकचा दिवस.

पुन्हा गृहीत आकडे. दिवसात कामाचे ७ तास. प्रत्येक लिफ्टची भेट १ तासाची. मोठ्या कंपनीच्या लिफ्ट एकाच भागात दाटीने आहेत, एकीकडून दुसरीकडे जायला १५ मिनिटं लागतात. म्हणजे एका भेटीला सव्वा तास, दिवसाला सरासरी ५.६ भेटी. नव्या लहान कंपनीच्या लिफ्ट विखुरलेल्या आहेत, प्रवास ४५ मिनिटांचा. एका भेटीला पावणेदोन तास, दिवसाला ४ भेटी. महिन्याचे वीस कामाचे दिवस आणि प्रत्येक लिफ्टला महिन्यातून एक भेट धरली तर मोठ्या कंपनीचा मेकॅनिक ११२ लिफ्ट सांभाळतो, लहानाचा ८०. पगार तोच. म्हणजे लहान कंपनीला प्रत्येक लिफ्टमागे मजुरी चाळीस टक्के जास्त पडते.

धंदा सुरू करणं सोपं आहे, वाढवणं अवघड. ही अडचण कारखान्याच्या भांडवलाची नाही, नकाशाची आहे. आणि ती सगळीकडे सारखीही नाही. लहान कंपनीने एकाच वस्तीत तीस लिफ्ट मिळवल्या तर त्या वस्तीपुरती ती मोठ्यांच्या बरोबरीची होते. म्हणून स्वतंत्र कंपन्या शहरभर न पसरता ठरावीक भागात दाट दिसतात.

अस्मिता

आता कळलं. म्हणजे "एन्ट्री बॅरियर जास्त" आणि "एन्ट्री बॅरियर कमी" दोन्ही खोटं. आत येता येतं, मोठं होता येत नाही.

कुमार७८

मी मघाशी भलतीकडे गेलो होतो, आता प्रश्न समजला. एक विचारतो. मेकॅनिक जर एवढा महत्त्वाचा, तर तोच पुरवठादार नाही का? सायलीने स्टील लिहिलंय.

श्रीधर

कुमार, तुम्ही सगळ्यांच्या आधी तिथे पोचलात. स्टील बाजारात कुणाकडूनही मिळतं आणि त्याची किंमत चढली तर ती चारही कंपन्यांना सारखीच चढते. प्रशिक्षित लिफ्ट मेकॅनिक तसा मिळत नाही. तयार व्हायला त्याला काही वर्षं लागतात आणि अनेक देशांत परवाना लागतो. अमेरिका आणि कॅनडात त्यांची १९०१ पासूनची स्वतःची कामगार संघटना आहे आणि मोठ्या कंपन्यांना तिच्याशी एकत्रित करार करावा लागतो. जिथे अशी संघटना आहे तिथे नफ्याचा काही वाटा मजुरीत जातो. पुरवठादार म्हटलं की विद्यार्थी कच्चा माल लिहितात, कारण तो डोळ्यांना दिसतो.

प्राजक्ता

माझ्या वर्गात पुढच्या वर्षी मी हे सांगणार आहे. मजुरीला पुरवठादार मानायचं हे विद्यार्थ्यांच्या क्वचितच लक्षात येतं.

संगनमताच्या बाबतीत मात्र मी अजून श्रीधरांशी पूर्ण सहमत नाही. दंडाचं प्रकरण १९९५ ते २००४ या काळातलं आणि चार देशांतलं. त्यावरून आज सगळीकडे किमतीसाठी मारामारी आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. शिवाय त्यात देखभालीचे करारही होते. ग्राहक बांधलेलाच असेल तर ते वाटून घ्यायची गरज का पडली?

श्रीधर

मोठ्या इमारतींचे आणि सार्वजनिक संस्थांचे करार निविदेने निघतात, तिथे ग्राहक बांधलेला नसतो, म्हणून असेल. पण हा माझा अंदाज आहे. तुमची शंका सायलीने तशीच शंका म्हणून ठेवली तर मला आवडेल.

निनाद

मी माझं मत अर्धं मागे घेतो. नव्या लिफ्टमध्ये रायव्हलरी तीव्र हे पटलं. पण दंडाचं प्रकरण तिचा पुरावा आहे हे नाही पटलं.

सायली_एम

तीन दिवस हा धागा समोर ठेवून पुन्हा लिहिते आहे. सुरुवातीचा परिच्छेद इथे टाकते, निर्दयपणे बघा.

"लिफ्ट उद्योगात एकाच यंत्रावर दोन धंदे चालतात. नवी लिफ्ट बांधकाम करणारा विकत घेतो. तो एकदम अनेक लिफ्ट घेतो, देखभालीचा खर्च त्याच्यावर पडत नाही, म्हणून तो किमतीवर अडून बसतो. देखभालीचे पैसे इमारतीत राहणारे भरतात. त्यांची लिफ्ट आधीच बसलेली असते आणि तिचा कंट्रोलर बहुधा बसवणाऱ्या कंपनीलाच उघडता येतो. देखभालीतला हा नफा मिळवण्यासाठी कंपन्या निविदेत एकमेकींपेक्षा खाली उतरतात. त्यामुळे नव्या लिफ्टमधला कमी नफा आणि देखभालीतला जास्त नफा ही एकाच कारणाची दोन टोकं आहेत. हा तोल बिघडू शकतो तो मोकळ्या कंट्रोलरमुळे, आणि नवं बांधकाम थंडावल्यामुळे."

शेवटचं वाक्य चीनसाठी आहे. २०२१ नंतर तिथलं बांधकाम क्षेत्र घसरलं आणि नव्या लिफ्टची मागणी पडली. जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ तीच. पण त्याचा परिणाम कुठल्या फोर्समध्ये लिहायचा ते कळत नाहीये. बांधकाम थंडावणं हा फोर्स नाही ना?

प्राजक्ता

यात फ्रिज घालून बघ. दुसऱ्याच वाक्याला अडकशील. फ्रिज घेणारा आणि वापरणारा एकच असतो.

मागणी घटणं हा फोर्स नाही, बरोबर. ती फोर्सना हलवते. कारखाने तेवढेच आणि निविदा कमी झाल्या की उरलेल्या निविदांवर सगळे तुटून पडतात, म्हणून ते रायव्हलरीत लिही.

श्रीधर

आणि त्याच्या पुढे एक पायरी जा. नव्या लिफ्ट कमी बसल्या तर काही वर्षांनी देखभालीला येणाऱ्या लिफ्टही कमी होतील, मग आधीच बसलेल्या लिफ्टच्या करारांवर झडप वाढेल. देखभालीतली शांतता तिथून मोडू शकते. चीनमध्ये मुळातच देखभालीत स्थानिक लहान कंपन्या खूप आहेत, युरोपसारखे करार तिथे मूळ कंपनीकडे टिकत नाहीत. म्हणजे माझं "तीनपैकी दोन" हे गृहीत देशागणिक बदलतं. तुला जमलं तर एकाच बाजारपेठेपुरतं लिही. युरोप घे किंवा चीन घे.

सायली_एम

युरोप घेते. दंडाचं प्रकरणही तिथलंच आहे, आणि निनाद व श्रीधरदादा यांची दोन्ही मतं शेजारी ठेवीन. चीन एका परिच्छेदात, तुलनेपुरता. पर्यायाच्या फोर्सला तीन ओळी. स्वतःचे मेकॅनिक मी ग्राहकाच्या ताकदीत टाकले, ताईंप्रमाणे.

आधुनिकीकरणाचं मात्र अजून ठरत नाहीये. मधुराताईंच्या सहा लिफ्टमध्ये त्याच वेळी ग्राहक मोकळा झाला. मग तो पर्याय, तिसरा धंदा, की ग्राहकाच्या ताकदीचा क्षण?

मधुरा

माझ्या बाजूने सांगते. आम्ही त्या वेळी नवी लिफ्ट घ्यायची की जुनी सुधारायची यावर फार वेळ घालवला नाही. सगळा वेळ गेला तो पुढची वीस वर्षं कुणाच्या हातात जायचं यावर. निविदेतलं ते कंट्रोलरचं कलम लिहायला आम्हाला चार बैठका लागल्या, आणि दोन कंपन्यांनी ते वाचून दरच दिला नाही.

श्रीधर

सायली, कुणी दर दिला नाही, हे लिहायला विसरू नकोस.